चंद्र काढा, गॅस राहू द्या

जोडीदारावरच्या मुक्तछंदातल्या कविता मागवल्या, की टपालातून चंद्र, चांदणं आणि सात जन्म येतात. त्यांना आम्ही लांबूनच हात जोडतो. पण कपबशी आणि धोब्याची वही आली म्हणून लगेच कविता होत नाही. कधी कधी नुसती वाणसामानाची यादी होते. या ओळी बघा:

तू झोपण्याआधी
गॅसचं बटण पुन्हा बघतोस,
मी बघितलंय हे माहीत असून.

सगळा भार तिसऱ्या ओळीवर आहे. ती काढली, तर उरते कुठल्याही घरातली सवय. ती असल्यामुळे दोन माणसं दिसतात, आणि किंचित अविश्वासही. (तो नसेल तर संसार कसला!) ‘बघतोस’वर ओळ मोडते, म्हणून ‘मी’ जरा उशिरा येते. सलग लिहिलं, तर हा थांबा जातो. यमक नसताना ओळ कुठे मोडायची, यावरच बरंचसं ठरतं.

इथे ‘हेच आपलं प्रेम’ अशी चौथी ओळ लिहायचा मोह होतो, आणि तिथेच बहुतेक कविता हातच्या जातात. पुढच्या अंकासाठी कविता पाठवण्याआधी शेवटची ओळ झाकून वाचा. तिच्यावाचून चालत असेल, तर ती खोडून पाठवा.