बल्ब भगभगला की स्टॅबिलायझर घेऊ नका, आधी न्यूट्रल बघा



आज पिकाचं नाही, लाईटचं लिहितोय. आपल्या भागात घरातला एक बल्ब हॅलोजनसारखा पेटला आणि दुसरा मिणमिणायला लागला की सगळे एकच बोलतात, "व्होल्टेज कमी-जास्त होतंय." मग कोणी स्टॅबिलायझर घेतो, कोणी मोठा फ्यूज टाकतो, आणि एखादा हुशार न्यूट्रल काढून अर्थिंगला जोडतो. हे तिन्ही उपाय चुकीचे आहेत, आणि तिसरा तर जीव घेणारा आहे.

आधी फरक समजून घ्या. डीपीवर लोड वाढून व्होल्टेज पडलं तर घरातले सगळेच बल्ब एकदम मंद होतात. पण एक मंद आणि त्याच वेळी दुसरा भगभगीत, असं होत असेल तर न्यूट्रल ढिला झालाय किंवा तुटलाय. याची खूण अशी की इस्त्री, गीझर असं जड काही चालू केलं की त्या फेजवरचे दिवे पडतात आणि दुसऱ्या फेजवरचे उजळतात.

हे होतं तीन फेजच्या कनेक्शनवर. एक फेजच्या घरात आतला न्यूट्रल ढिला झाला तर दिवे फडफडतात, मंद होतात किंवा जातात, जास्त उजळत नाहीत. एक फेजच्या घरात बल्ब भगभगला तर दोष बहुधा बाहेर, खांबावरच्या किंवा डीपीवरच्या सामाईक न्यूट्रलमध्ये असतो. शेजारच्यांना विचारा, कोणाचे दिवे मंद झालेले सापडतील.

आता कारण. आपल्या तीन फेजमध्ये कुठल्याही दोन फेजच्या मधे साधारण 400 व्होल्ट असतात आणि प्रत्येक फेज ते न्यूट्रल 230. समजा लाल फेजवर 1000 वॅटची इस्त्री आहे, पिवळ्यावर 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब आहे, आणि निळ्यावर काही चालू नाही. न्यूट्रल तुटला की करंटला परतायची वाट राहत नाही. तो इस्त्रीतून बल्बमध्ये आणि बल्बमधून दुसऱ्या फेजमध्ये जातो. म्हणजे दोघं एकामागे एक 400 व्होल्टवर जोडले गेले. बल्बचा विरोध इस्त्रीच्या दहापट. 400 चे अकरा वाटे केले तर दहा बल्बला आणि एक इस्त्रीला. बल्बवर अंदाजे 364 व्होल्ट, इस्त्रीवर 36. जी वस्तू कमी वीज खाते, तीच आधी जळते. म्हणून टीव्ही, एलईडी, मोबाईलचा चार्जर जातो आणि गीझर नुसता कोमट होतो.

आणि फ्यूज का उडत नाही? कारण करंट वाढलेलाच नसतो, व्होल्टेज वाढलेलं असतं. एमसीबी गप्प बसते.

आमच्याकडे गंगापूर तालुक्यात माझ्या पुतण्याच्या घरी हेच झालं. कडबाकुट्टीसाठी तीन फेजचं कनेक्शन, त्यावरच घर आणि गोठा. संध्याकाळी गीझर लावला की गोठ्यातला बल्ब डोळे दिपवायचा. एका खाजगी मिस्त्रीनं स्टॅबिलायझर गळ्यात मारला, तो आठवड्यात जळाला. दुसरा म्हणाला, "कडबाकुट्टी झकास चालते, म्हणजे लाईन बरोबर आहे." इथंच सगळे फसतात. तीन फेजची मोटार न्यूट्रल वापरतच नाही. न्यूट्रल तुटला तरी ती चालणार. ती चालते यावरून न्यूट्रल चांगला असल्याचं सिद्ध होत नाही.

शेवटी एका जाणत्या वायरमननं टीव्ही, फ्रिज, एलईडी सगळं काढायला लावलं आणि लाल फेजवर गीझर चालू ठेवून मीटर लावलं. बोर्डात न्यूट्रल धरून लालला 110, पिवळ्याला 305, निळ्याला 314 व्होल्ट. फेज ते फेज मात्र सगळीकडे 400. लोड चालू ठेवूनच मोजायचं, कारण ढिला जोड लोड नसताना 230 दाखवून फसवतो. मग त्यानं मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला मोजलं, तिथं तिन्ही बरोबर निघाले. म्हणजे दोष मेन स्विच आणि बोर्डाच्या मधे, आपल्या हद्दीत. येणाऱ्या बाजूलाच गडबड दिसली असती तर दोष बाहेर. मग मीटरचं सील तोडायचं नाही, खांबावर चढायचं नाही, महावितरणला 1912 वर तक्रार नोंदवून वायरमनला बोलवायचं.

मेन बंद करून बोर्ड उघडला तर न्यूट्रल लिंकवर ॲल्युमिनियमची तार काळी पडलेली, स्क्रूखाली जळालेली. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू चपटं होतं, त्यावर गंज चढतो, स्क्रू ढिला पडतो. ढिला जोड तापतो, तापला की आणखी ढिला होतो. तांब्याला ॲल्युमिनियम नुसतं पिळून टेप गुंडाळली असेल तर पावसाळ्यात हेच लवकर होतं.

दुरुस्ती मोठी नाही. मेन बंद, टेस्टर आणि मीटर दोन्हीनं खात्री. न्यूट्रलची तार "काळी आहे म्हणजे मेलेली" असं धरू नका. तुटलेल्या न्यूट्रलमध्ये बल्बातून परत आलेला फेज असतो. जळालेला तुकडा चकचकीत धातू लागेपर्यंत कापा, तारेवर जॉइंट पेस्ट लावा, तांबं-ॲल्युमिनियम एकत्र येत असेल तर बायमेटल लग दाबून बसवा, जळालेली लिंक नवी टाका. न्यूट्रलवर जुना किटकॅट फ्यूज असेल तर काढून तिथं पक्की लिंक लावा. एकट्या न्यूट्रलवर फ्यूज नको, हे 1956 च्या वीज नियमांतच सांगितलेलं होतं. नंतर लोड लावून तिन्ही फेज मोजा, 216 ते 244 च्या आत पाहिजेत. काम परवानाधारकाकडूनच करा, पण समोर उभं राहून बघा.

आता अर्थिंगचा जुगाड. उन्हाळ्यात कोरड्या मुरमात ठोकलेल्या सळईचा विरोध 50 ओहम समजा. 1000 वॅटच्या गीझरचा 53. अर्थिंगलाच न्यूट्रल केलं तर 230 मधले निम्मे, सुमारे 110 व्होल्ट, सळईवर उतरतात. त्या सळईला जोडलेल्या गीझरच्या, फ्रिजच्या, कडबाकुट्टीच्या पत्र्यावरही तेवढेच. गाईचे पुढचे-मागचे पाय लांब आणि खाली ओलं शेण. माणसाला झिणझिण्या येतात तिथं जनावर जागेवर पडतं.

कोणी म्हणेल, वायरमन दोन दिवस येत नाही, गोठा अंधारात ठेवू का? हो, ठेवा. मेन बंद करा आणि बॅटरीवर दूध काढा. जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारा रिले बसवायचा तर जरूर बसवा, त्यानं टीव्ही वाचेल. पण तो जोड घट्ट करत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी स्टॅबिलायझर विकायला आला तर एकच विचारा: "लोड लावून तिन्ही फेजला न्यूट्रल धरून मोजलं का?" मोजलं नसेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.