ब्रेकइव्हन म्हणजे भाकीत नव्हे

जून २०१३ च्या पहिल्या आठवड्यात रोखेबाजारात काम करणाऱ्या माझ्या एका मित्राने जेवणाच्या टेबलावर बिलाचा कागद उलटा केला आणि त्यावर दोन आकडे लिहिले : ७.२ आणि १.४४. पहिला होता दहा वर्षांच्या साध्या सरकारी रोख्याचा त्या वेळचा परतावा. दुसरा ४ जूनला रिझर्व्ह बँकेने केलेल्या लिलावात ठरलेला, २०२३ साली मुदत संपणाऱ्या महागाईशी जोडलेल्या सरकारी रोख्याचा वास्तव परतावा. त्याने वजाबाकी केली, पावणेसहा आले, त्याभोवती गोल काढला आणि म्हणाला, "बाजाराला पुढची दहा वर्षं महागाई पावणेसहा वाटतेय. अरे, इथे ती नऊच्या वर चाललीय! घे डोळे मिटून."

तो कागद मी जपून ठेवला. त्याच्या त्या बोलण्यात तीन चुका आहेत, आणि या रोख्यांविषयी आजही जे बोललं जातं ते याच तीन चुकांवर उभं असतं.

आधी वजाबाकी तरी नीट करू. महागाईशी जोडलेल्या रोख्यात मुद्दलच निर्देशांकाबरोबर सरकतं. शंभर रुपये गुंतवले आणि निर्देशांक पाच टक्के चढला की मुद्दल एकशेपाच होतं. सहामाही व्याज १.४४ टक्क्याच्या दराने त्या एकशेपाचांवर मिळतं, आणि मुदतीअखेर वाढलेलं मुद्दल परत येतं. निर्देशांक घसरला तर मुद्दलही घटतं, फक्त शेवटी शंभराच्या खाली जात नाही, एवढी हमी सरकारने दिली होती. साध्या रोख्यात मुद्दल शंभरच राहतं आणि महागाईची सगळी भरपाई आधीच ठरलेल्या व्याजात असते. (इंग्रजी 'नॉमिनल'ला आपण 'नाममात्र' म्हणतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हा परतावा नावापुरताच आहे. म्हणून मी 'साधा' म्हणतो.) आता महागाई किती असली तर दोन्ही रोखे शेवटी सारखेच पडतील? १.०७२ भागिले १.०१४४, वजा १, म्हणजे ५.६८ टक्के. मित्राची वजाबाकी ५.७६ देते. फरक किरकोळ आहे, पण उत्तराचा अर्थ त्यातून कळतो : या दरापेक्षा महागाई जास्त झाली तर जोडलेला रोखा जिंकतो, कमी झाली तर साधा. ही बरोबरीची रेषा आहे. ब्रेकइव्हन या शब्दाचा अर्थही तेवढाच.

आता पहिली चूक, आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. महागाई कुठली? मित्राच्या तोंडातली नऊ टक्के महागाई ग्राहक किंमत निर्देशांकाची होती. रोखा जोडला होता घाऊक किंमत निर्देशांकाशी, आणि त्या वेळी घाऊक महागाई पाच टक्क्यांच्या खाली उतरली होती. घाऊक निर्देशांकात वस्तू आहेत, सेवा नाहीत. घरभाडं नाही, शाळेची फी नाही, डॉक्टरची फी नाही, एसटीचं तिकीट नाही. त्यात मूळ धातू, यंत्रं, रसायनं, खनिज तेल यांचं वजन मोठं आहे, म्हणून तो जगातल्या कच्च्या तेलाच्या आणि पोलादाच्या भावांबरोबर वर-खाली होतो. पावणेसहाची तुलना नऊशी करणं म्हणजे नाशिकचा पाऊस मोजून कोकणातल्या भाताविषयी बोलणं. एका निर्देशांकाची बरोबरीची रेषा दुसऱ्या निर्देशांकावर ओढता येत नाही. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये किरकोळ गुंतवणूकदारांसाठी ग्राहक निर्देशांकाशी जोडलेली राष्ट्रीय बचत रोखेयोजना आली, तेव्हा हा दोष मान्य झाल्यासारखाच होता.

पुढे झालं काय, ते पाहू. २०१४ च्या उत्तरार्धात कच्चं तेल कोसळलं. घाऊक महागाई शून्याखाली गेली आणि २०१६ च्या मार्चपर्यंत तिथेच राहिली. त्या काळात जोडलेल्या रोख्याचं मुद्दल वाढायचं सोडून घटत होतं आणि व्याज त्या घटलेल्या मुद्दलावर मिळत होतं. २०२१-२२ मध्ये घाऊक महागाई तेरा टक्क्यांवर उसळली, पण तोवर आठ वर्षं उलटली होती. दहा वर्षांची सरासरी काढली तर घाऊक महागाई वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे जोडलेल्या रोख्याने वर्षाला जेमतेम पाच टक्के दिले. मिळालेलं व्याज त्याच दराने पुन्हा गुंतवलं असं धरलं, तर शंभराचे साधारण १६३ झाले. साध्या रोख्यात ७.२ टक्क्यांनी २०० झाले. त्याच दहा वर्षांत ग्राहक महागाईची सरासरी साडेपाचच्या आसपास राहिली. डोळे मिटून घेणाऱ्याला घरखर्चाची महागाईसुद्धा भरून मिळाली नाही.

दुसरी चूक 'बाजाराला वाटतंय' या शब्दांत आहे. यावर पूर्वपक्ष म्हणेल : असू दे निर्देशांक वेगळा, पण ५.६८ हा घाऊक महागाईविषयी तरी बाजाराचा अंदाज होता ना? नव्हता. त्या आकड्यात अंदाज असतो, पण तो एकटा नसतो. साधा रोखा घेणारा महागाई अचानक भडकण्याचा धोका स्वतःच्या अंगावर घेतो, आणि त्याबद्दल थोडा जास्त परतावा मागतो. तो जास्तीचा भाग ब्रेकइव्हनमध्ये जाऊन बसतो आणि तो फुगवतो. उलट जोडलेला रोखा बाजारात क्वचित विकला जातो. तो विकायला निघालेल्याला गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नसते, म्हणून घेणारा त्यावरही जादा वास्तव परतावा मागतो. तो भाग ब्रेकइव्हन आकसवतो. दोन्ही ओढाताणी एकाच वजाबाकीत मिसळलेल्या असतात आणि बाहेरून वेगळ्या दिसत नाहीत.

याचं सर्वांत उघड उदाहरण आपल्याकडचं नाही, अमेरिकेचं आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये तिथल्या दहा वर्षांच्या जोडलेल्या आणि साध्या सरकारी रोख्यांच्या परताव्यातलं अंतर जवळपास मिटलं. ब्रेकइव्हन शून्यापाशी येऊन ठेपला. तो अंदाज मानायचा, तर अमेरिकेत दहा वर्षं भाव वाढणारच नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं असं म्हणावं लागेल. प्रत्यक्षात फिलाडेल्फियाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत व्यावसायिक अंदाजकर्ते त्याच तिमाहीत पुढच्या दहा वर्षांसाठी अडीच टक्के सांगत होते. महागाईच्या स्वॅप करारांतला दरही रोख्यांच्या ब्रेकइव्हनपेक्षा ठळकपणे वर होता. मग घडलं काय? लीमन ब्रदर्स बुडाल्यावर तिच्याकडचे तारण म्हणून अडकलेले जोडलेले रोखे बाजारात विकायला आले. त्याच आठवड्यांत ज्याला त्याला हातात रोकड हवी होती, आणि रोकडीच्या सर्वांत जवळचा कागद म्हणजे साधा सरकारी रोखा. एका कागदाची विक्री, दुसऱ्याची मागणी. दोन्हींवर सरकार तेच, तरी परतावे जवळ आले. पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत महागाई वर्षाला सुमारे पावणेदोन टक्के झाली. स्वॅपचा दर आणि रोख्यांचा ब्रेकइव्हन एकमेकांपासून दूर गेले की ओळखावं : हलली आहे ती रोख्यांची खरेदी-विक्री, महागाईविषयीचं मत नव्हे.

तिसरी चूक 'डोळे मिटून' या दोन शब्दांत. जोडलेला रोखा आहे, तेव्हा महागाई वाढली की आपण सुरक्षित, असा त्यामागचा विश्वास. २०२२ साली अमेरिकेत महागाई जूनमध्ये ९.१ टक्क्यांवर गेली, म्हणजे चाळीस वर्षांतला उच्चांक. त्या वर्षी तिथल्या जोडलेल्या रोख्यांचा निर्देशांक साधारण बारा टक्के बुडाला. कारण वास्तव परतावा वर्षाच्या सुरुवातीला उणे एक टक्क्याच्या आसपास होता, तो वर्षअखेर दीड टक्क्यावर गेला. वास्तव परतावा एक टक्का चढला की दहा वर्षांच्या जोडलेल्या रोख्याची किंमत साधारण नऊ टक्के पडते. अडीच टक्क्यांनी वीस टक्क्यांवर फटका, आणि मुद्दलात भर पडली सात-आठ टक्क्यांची. ब्रेकइव्हन मात्र त्या वर्षात २.६ वरून २.३ वर, म्हणजे फारसा हललाच नाही. रोखा शेवटपर्यंत ठेवणाऱ्याला हा फटका बसत नाही, पण मध्येच विकणाऱ्याला बसतो. महागाई भरून मिळते ती मुद्दलात. वास्तव परताव्याचा धोका जोडलेल्या रोख्यातही पुरता शिल्लक राहतो.

मग ब्रेकइव्हन कुचकामी आहे का? मुळीच नाही. तो काय आहे, ते म्हणून तो वापरला तर त्याच्याइतका उपयोगी आकडा रोखेबाजारात दुसरा नाही. तो विम्याच्या हप्त्यासारखा आहे. २०१३ साली कोणाचा खर्च खरोखर घाऊक निर्देशांकाबरोबर वाढत असेल, समजा कच्चा माल विकत घेणाऱ्या एखाद्या कारखान्याचा, आणि त्याचा स्वतःचा अंदाज साडेपाचचा असेल, तरी ५.६८ च्या ब्रेकइव्हनला जोडलेला रोखा घेणं त्याच्यासाठी शहाणपणाचं होतं. अंदाज आणि रेषा यांतला तो थोडा फरक म्हणजे झोप लागण्यासाठी मोजलेली किंमत. दहा वर्षांनी १६३ आणि २०० हे आकडे समोर ठेवून 'पाहा, विमा फुकट गेला' म्हणणारे मला भेटतात. ज्याचं घर जळलं नाही त्याने आगीच्या विम्याचे पैसे परत मागावेत, तसं हे आहे. निकाल उलटाही लागू शकला असता : घाऊक महागाई नऊ टक्के झाली असती तर तोच रोखा वर्षाला साडेदहा टक्क्यांच्या वर देऊन गेला असता.

आणि वास्तव परतावा? १.४४ हा आकडा किरकोळ वाटतो. पण ७.२ वाल्याला महागाई वजा जाता किती उरणार, हे ठाऊक नव्हतं. १.४४ वाल्याला घाऊक निर्देशांकाच्या मापाने तरी ते आधीच ठाऊक होतं. दोन्हींची मुदत एकच असेल तरच ही तुलना खरी, कारण पाच वर्षांचा साधा आणि दहा वर्षांचा जोडलेला रोखा वजा केला तर उत्तरात मुदतीचा फरकही मिसळतो. त्या रोख्यासाठी निर्देशांक चार महिने मागचा वापरला जात होता, हेही विसरू नये. त्यामुळे रोख्याचे शेवटचे काही महिने उरले की ब्रेकइव्हन महागाईविषयी जवळपास काहीच सांगत नाही. शेवटची महागाई तोवर छापून आलेली असते.

तो रोखा ५ जून २०२३ रोजी मुदत भरून संपला. माझ्या मित्राच्या घरात ज्या महागाईने त्याला २०१३ साली अस्वस्थ केलं होतं, ती मुलीच्या शाळेच्या फीची आणि घरभाड्याची होती, आणि घाऊक निर्देशांकात त्या दोन्हींना जागाच नव्हती.