लोकायुक्त म्हणजे कोर्ट नव्हे, भो!

परवा पिंप्राळ्यात टपरीवर चहा पिताना एक ओळखीचे काका तावातावाने म्हणाले, "लोकायुक्ताकडे जाऊन काय फायदा? तो कुणाला जेलात टाकतो का?" चार जणांनी माना डोलावल्या. मी तिथे गप्प बसलो, पण हा गैरसमज आपल्याला महागात पडतोय म्हणून इथे लिहितो.

जेलात टाकणं हे कोर्टाचं काम. त्याला किती वेळ लागतो हे जळगावकरांना दुसऱ्याने सांगायची गरज नाही. घरकुल प्रकरण आठवा. आपल्या पिंप्राळ्यातही त्या योजनेची घरं उभी आहेत. फेब्रुवारी 2006 मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवलं ती तारीख होती 31 ऑगस्ट 2019. साडेतेरा वर्षं! त्यानंतर अपिलं हायकोर्टात गेली. यात नुसता आळस होता असं मी म्हणणार नाही. माणसाला तुरुंगात पाठवायचं तर साक्षीदार तपासावे लागतात, उलटतपासणी होते, संशयाला जागा उरता कामा नये. तो वेळ लागणारच.

पण त्या कोर्टासमोर प्रश्न एकच होता : गुन्हा कुणी केला? "माझी फाईल कुठे अडकली" हा प्रश्न फौजदारी कोर्ट सोडवत नाही. त्यासाठीच महाराष्ट्राने 1971 साली लोकायुक्त कायदा केला आणि 1972 पासून मुंबईत हे कार्यालय सुरू झालं.

या कायद्यात तक्रारीचे दोन प्रकार आहेत, आणि आपण चुकतो ते इथेच. एक गाऱ्हाणं : कारभारातल्या दिरंगाईने किंवा अन्यायाने मला त्रास झाला. दुसरा आरोप : अधिकाऱ्याने पदाचा गैरवापर केला, पैसे खाल्ले.

समजा, आपल्या वस्तीतल्या एका मावशीचे यजमान वारले. घरपट्टीला स्वतःचं नाव लावायला तिने अर्ज दिला, सगळे कागद जोडले. आठ महिने झाले, रोज उत्तर एकच : "साहेब मीटिंगला गेलेत." ही मावशी चिडून लिहिते, "सगळे चोर आहेत, पैसे खातात." झालं! गाऱ्हाण्याचा आरोप झाला, आणि आरोपाला पुरावा लागतो. तो तिच्याकडे नाही. त्यापेक्षा तिने अर्जाची तारीख, पोच, स्मरणपत्रं आणि झालेला त्रास एवढंच ठरलेल्या नमुन्यात प्रतिज्ञापत्रासह लिहावं. वकील लागत नाही. बाकीचं काम फाईल करते. लोकायुक्त फाईल मागवू शकतात, अधिकाऱ्याला समन्स काढून बोलावू शकतात. त्या बाबतीत त्यांना दिवाणी कोर्टाचेच अधिकार आहेत. चौकशी बंद दाराआड होते, आणि आठ महिने साहेबांनी काय केलं हे त्यांच्याच कागदावरून दिसतं.

मुदत मात्र सांभाळा. गाऱ्हाणं असेल तर गोष्ट कळल्यापासून 12 महिने, आरोप असेल तर कृत्य घडल्यापासून 3 वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तरच सूट. आणि ज्या गाऱ्हाण्यावर कोर्टात किंवा न्यायाधिकरणात दाद मागायची सोय आहे, ते लोकायुक्त सहसा घेत नाहीत. म्हणून भाऊबंदकीतला जमिनीचा वाद तिकडे नेऊ नका.

आता काकांचा मुद्दा. लोकायुक्त हुकूम देत नाहीत, शिफारस करतात, हे खरंच आहे. गाऱ्हाणं खरं ठरलं तर ते दूर करायला मुदत घालून देतात. ती संपल्यावर महिनाभरात काय केलं ते संबंधित खात्याने कळवायचं. समाधान झालं नाही तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात, आणि तो सरकारच्या खुलाशासह विधिमंडळात मांडावा लागतो.

साखळी तुटते ती नेमकी इथे. अहवाल सभागृहाच्या टेबलावर येतो आणि तिथेच झोपतो. कोर्टाचा हुकूम मोडला तर अवमान होतो, लोकायुक्तांची शिफारस डावलली तर फक्त सभागृहात लाज जाते. पण तिथे कुणी विचारलंच नाही तर लाज तरी कशी जाणार?

डिसेंबर 2023 मध्ये विधिमंडळाने नवा लोकायुक्त कायदा मंजूर केला, तेव्हा सगळी चर्चा मुख्यमंत्री कक्षेत आले यावरच. त्यालाही विधानसभेच्या दोन-तृतीयांश संमतीची अट! पण मावशीला मुख्यमंत्र्यांची चौकशी नकोय, घरपट्टीला नाव हवंय.

तेव्हा पुढच्या वेळी आमदार साहेब वस्तीत आले की गटारीसोबत एवढंही विचारा : "लोकायुक्तांचा अहवाल सभागृहात आला, त्यावर तुम्ही किती वेळा उठून बोललात?" उत्तर मिळालं तर कॉमेंटमध्ये टाका. नाही मिळालं तर तेही टाका.