उजव्या हृदयातील दाब : तो आत जाऊन का मोजावा लागतो?

रक्तदाब म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दंडाला बांधायचा पट्टा येतो. परंतु तो पट्टा मोजतो, तो डाव्या हृदयाने शरीरभर पाठविलेल्या रक्ताचा दाब. उजवे हृदय तेवढेच रक्त फुप्फुसांकडे पाठविते आणि तेथील धमन्यांतील सरासरी दाब विश्रांतीच्या वेळी केवळ १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. तो २० च्या वर गेला, की त्यास फुप्फुसीय उच्च रक्तदाब म्हणतात. दंडावरचा दाब उत्तम असतानाही हा वाढलेला असू शकतो.

या विकारात धाप का लागते, ते पाहा. आपण जिना चढतो तेव्हा हृदयाला अधिक रक्त पुढे ढकलावे लागते. निरोगी फुप्फुसांतील रक्तवाहिन्या त्या वेळी रुंदावतात, मिटलेल्या उघडतात आणि वाढलेला प्रवाह सहज सामावून घेतात. त्या अरुंद किंवा बंद झाल्या असतील, तर उजव्या हृदयावर भार पडतो. त्याची भिंत पातळ असते. उंच दाबाविरुद्ध झगडण्यासाठी ती घडलेलीच नाही. परिणामी डाव्या हृदयापर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही आणि स्नायूंना प्राणवायू कमी पडतो. शिवाय फुप्फुसाच्या ज्या भागात हवा जाते पण रक्त पोहोचत नाही, तेथे घेतलेला श्वास वाया जातो. म्हणून रुग्ण बसलेला असताना ठीक दिसतो आणि चार पायऱ्या चढताच थांबतो. अशी धाप पुष्कळदा रक्तक्षय, दमा किंवा अशक्तपणा यांच्या खाती जमा होते. चढताना भोवळ येणे वा शुद्ध हरपणे आणि पायांवर सूज येणे, ही उजवे हृदय थकल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच विलंब करू नये.

इकोमध्ये हा दाब दिसतो, मग आणखी तपासणी कशाला, असे आपण विचाराल. इकोतील आकडा रक्ताच्या झोताच्या वेगावरून काढलेला अंदाज असतो; प्रत्यक्ष मोजमाप उजव्या हृदयाच्या कॅथेटर तपासणीतच होते. ही अँजिओग्राफी नव्हे. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या तीत पाहिल्या जात नाहीत. केवळ जागा बधिर करून मानेच्या, हाताच्या किंवा जांघेच्या शिरेतून एक बारीक नळी आत सरकवितात. तिच्या टोकाशी छोटा फुगा असतो. तो फुगविला की रक्ताच्या ओघाबरोबर नळी उजव्या हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत जाते आणि वाटेतील प्रत्येक टप्प्यावरचा दाब नोंदविला जातो. पुढे फुगा एका शाखेत अडकून तेथील प्रवाह क्षणभर थांबवितो. मागचा दाब आता टोकापर्यंत येत नाही. टोकाला जाणवतो तो पलीकडच्या डाव्या हृदयाचा दाब. यास वेज प्रेशर म्हणतात. हृदय मिनिटाला किती लिटर रक्त पुढे पाठविते, हेही याच वेळी मोजतात.

एक उदाहरण घेऊ. दोन स्त्रियांना सारखीच धाप लागते. दोघींच्या फुप्फुसाच्या धमनीतील सरासरी दाब ४० आहे आणि दोघींचे हृदय मिनिटाला ४ लिटर रक्त पाठविते. पहिलीचे वेज प्रेशर ८ आहे. ४० मधून ८ वजा केल्यास ३२ उरतात. त्यांना ४ ने भागले की ८ येतात. हा फुप्फुसांतील वाहिन्यांचा अडथळा होय. तो साधारणतः २ पर्यंत असावा. म्हणजे येथे दोष वाहिन्यांतच आहे. दुसरीचे वेज प्रेशर २८ आहे. तिचा अडथळा ३ च येतो. तिची मायट्रल झडप अरुंद असल्याने रक्त डाव्या बाजूस तुंबून दाब मागे चढला आहे. पहिलीस वाहिन्या रुंदावणारी औषधे उपयोगी पडू शकतात. दुसरीस तीच दिली, तर तुंबलेल्या बाजूकडे अधिक रक्त लोटले जाऊन फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका असतो; तिला उपचार हवा तो झडपेवर.

या तपासणीला मर्यादाही आहेत. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी शरीर कोरडे पडले असल्यास वेज प्रेशर फसवे कमी येते. म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्यावी. पहिल्या स्त्रीच्या वाहिन्या आतून जाड झाल्या आहेत की जुन्या गुठळ्यांनी बंद झाल्या आहेत, हेही आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी फुप्फुसातील हवा व रक्त यांची वाटणी दाखविणारा स्कॅन करावा लागतो, कारण गुठळ्या शस्त्रक्रियेने काढता येण्याचा संभव असतो. अनुभवी केंद्रांत या तपासणीतील गंभीर गुंतागुंत शंभरात सुमारे एकीस होते.

घरातील कोणास ही तपासणी सुचविली गेली, तर अहवालात तीन आकडे अवश्य पाहा : धमनीतील सरासरी दाब, वेज प्रेशर आणि अडथळा. केवळ पहिला आकडा दाब वाढल्याचे सांगतो. तो कोठून वाढला, हे उरलेले दोन सांगतात.