बाथरूम उंच करून गळती थांबत नाही

खालच्या मजल्यावरच्या छताला ओल आली की हल्ली एकच उपाय सुचवला जातो: सनकन स्लॅबच्या भानगडीत पडू नका, स्लॅब सपाट ठेवा आणि बाथरूमची फरशी उंच करा. युक्तिवाद असा, की सनकनचा खड्डा म्हणजे पाणी साठवायची टाकी. खड्डाच नसेल तर पाणी साठेल कशात? यातला पहिला भाग खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

आधी खरे ते मान्य करू. पाच बाय आठ फुटांचे बाथरूम आणि फूटभर खोल सनकन धरले, तर खड्ड्याचे आकारमान चाळीस घनफूट, म्हणजे सुमारे 1130 लिटर होते. तो विटांच्या तुकड्यांनी आणि मसाल्याने भरतात. भरावातली पोकळी पाचव्या हिश्श्याइतकी धरली, तरी लादीखाली सव्वादोनशे लिटर पाणी मुरून राहू शकते. म्हणूनच घर आठवडाभर बंद असले तरी खालच्या छतातून थेंब पडत राहतात आणि हळूहळू कमी होतात. थेंब त्याच जोराने पडत राहिले, तर संशय दाबाच्या नळावर घ्यावा.

पण फरशी उंच केली म्हणून भराव नाहीसा होत नाही. जो शेजारच्या खोलीच्या पातळीखाली असायचा, तो वर येतो, एवढाच फरक. स्लॅब तोच असतो; त्याला भेग असेल किंवा नळीभोवतीची फट बुजवलेली नसेल, तर पाणी पूर्वीसारखेच खाली उतरते. शिवाय त्याला एक नवी वाट मिळते. सनकनच्या चारही कडा ओतीव काँक्रीटच्या असतात आणि साठलेले पाणी शेजारच्या खोलीच्या पातळीखाली राहते. उंच बाथरूममध्ये ओल्या भरावाला अडवणारी भिंत विटांची असते. तिच्या तळाच्या थरांतून पाणी आडवे पाझरते. पलीकडच्या बेडरूममध्ये फूटभर उंचीपर्यंत रंगाला फुगे येतात, पांढरी क्षारांची पूड सुटते आणि दाराची लाकडी चौकट खालून कुजते. ‘निदान गळती आपल्याच घरात दिसते,’ असे काही जण म्हणतात. दिसते खरी, पण तोवर भिंत भिजलेली असते.

निचऱ्याचा हिशेब तर अधिकच अडचणीचा आहे. सपाट स्लॅबवर तळाचा जलरोधक थर इंचभर. वास अडवण्यासाठी नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभे राहावे लागते आणि ते बाहेर जाणाऱ्या नळीच्या तळाखाली असते. नळीचा ढाळही त्याच उंचीत बसवावा लागतो. नळी तीन इंची, वर मसाला आणि लादी दोन इंच, आणि ट्रॅपपासून दारापर्यंत लादीचा ढाळ आणखी इंचभर. बेरीज नऊ इंच. एवढी पायरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चढवत नाही, म्हणून प्रत्यक्षात चार-पाच इंचच उंची दिली जाते. मग कापला जातो तो ढाळ किंवा ट्रॅपमधले पाणी. ढाळ गेला की केस आणि साबणाचा गाळ नळीत बसतो. ट्रॅप उथळ झाला की त्यातले पाणी लवकर सुकते आणि ड्रेनेजचा वास घरात येतो. त्यात जाळी तुंबली तर उंचावरचे पाणी सरळ खोलीत उतरते.

म्हणून माझे मत सनकनच्या बाजूचे आहे, मात्र नेहमी बांधला जातो तशा सनकनच्या नव्हे. खड्डा आधी स्वतःच पाणी धरणारे भांडे बनला पाहिजे. कोपऱ्यांना मसाल्याच्या वाटा, नळ्यांभोवती न आकसणारा ग्राउट, मग तळाला आणि भिंतींवर जलरोधक लेपाचे दोन हात. हा लेप तयार फरशीच्या फूटभर वर जावा आणि दाराच्या उंबऱ्याखालीही वळवलेला असावा. ती जागा हमखास सुटते. दुसरी गोष्ट, खड्ड्याच्या तळाला डक्टकडे ढाळ देऊन सर्वांत खालच्या कोपऱ्यातून एक इंची नळी बाहेर काढावी. तिची जागा स्लॅब ओतण्याआधीच ठरवावी लागते. ती सांडपाण्याच्या पाइपला जोडू नये, डक्टमध्ये उघडी सोडावी. लादीखाली उतरलेले पाणी मग भरावात न साठता निघून जाते आणि नळी ठिबकू लागली की वरचा थर फुटल्याची खबर शेजाऱ्याचे छत भिजण्याआधी मिळते.

उंच फरशीला जागा आहे ती एकच: जुन्या इमारतीत, जिथे सपाट स्लॅबवर नवे बाथरूम काढायचेच आहे. तिथेही भिंतींच्या तळाला विटांऐवजी फरशीच्या उंचीइतका काँक्रीटचा कठडा ओतून घ्यावा, बाथरूम डक्टला चिकटून ठेवावे आणि नऊ इंच लागत असतील तर नऊच द्यावेत.

पद्धत कोणतीही असो, लेप वाळल्यावर आणि भराव टाकण्याआधी नळ्यांची तोंडे बंद करून 48 तास पाणी भरून ठेवायला लावा. पातळीची खूण भिंतीवर स्वतः करा, खालच्या घरात जाऊन छत बघा, आणि ही चाचणी होईपर्यंत विटांचा एक तुकडाही आत पडू देऊ नका.