शिब्बोलेथ आणि पाच रुपयांचा दंड



शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली घटना आपण क्वचितच प्रवचनात ऐकतो. इफ्ताहाच्या गिलादी सैनिकांनी यार्देनेचे उतार अडवले होते. पलीकडे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ते एकच शब्द म्हणायला लावत: शिब्बोलेथ. एफ्राइमी माणसाच्या तोंडून ‘श’ निघत नसे, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि तिथेच मारला जाई. असे बेचाळीस हजार लोक पडले. मारणारे आणि मरणारे दोघेही इस्राएली होते, एकाच देवाचे नाव घेणारे होते.

आज हा उतार आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या फाटकात आहे. आणि त्या शाळांपैकी बऱ्याच आपल्याच आहेत, म्हणजे क्रुसाच्या सावलीत चालणाऱ्या. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

बेळगाव भागात नेहमी घडणारी गोष्ट घ्या. खेड्यातली मुलगी सातवीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकते आणि आठवीला शहरातल्या इंग्रजी शाळेत येते. गणिताच्या तासाला फळ्यावर ५/१२ + ७/१८ असे लिहिलेले असते. बाई विचारतात, ‘कॉमन डिनॉमिनेटर’ काय येईल? मुलीने मनात १२ आणि १८ चा लसावि काढलेला असतो. उत्तर ३६. पुढचेही तिला येते: १५ आणि १४ मिळून २९, म्हणजे २९/३६. पण ‘डिनॉमिनेटर’ म्हणजे आपला छेद, हे तिला कोणी सांगितलेले नसते. शेजारणीच्या वहीत डोकावून तिला प्रश्न कळतो आणि ती आनंदाने म्हणते, ‘छत्तीस!’ वर्ग हसतो. मधल्या सुट्टीत तिचे नावच ‘छत्तीस’ होते. कोणी ‘व्हर्नॅक’ म्हणते, गोव्याकडच्या शाळेत असती तर ‘घाटी’ म्हटले असते.

इथे नेमके काय चुकले ते पाहा. गणित बरोबर होते. तिच्याकडे एक शब्द नव्हता, आणि तो शिकायला एक मिनिट पुरले असते. वर्गाने मात्र तिला अक्कल नाही असे ठरवले. ती पुन्हा हात वर करत नाही. सहा महिन्यांनी तिचे गुण खरोखरच घसरतात, आणि मग सगळे म्हणतात, ‘मराठी माध्यमाची मुले कच्चीच असतात.’

हसणारी मुले दुष्ट आहेत असे मला वाटत नाही. ती आज्ञाधारक आहेत. अनेक शाळांत आवारात मातृभाषेतला शब्द उच्चारला तर दंड असतो, कुठे दोन रुपये, कुठे पाच. कुठे वर्गाच्या मॉनिटरने नावे लिहून द्यायची असतात. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवत. ते मूल दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडून देईपर्यंत ती गळ्यात राही, आणि दिवसअखेर जिच्याकडे ती उरे त्या मुलाला छड्या बसत. तिथे मुलांना चहाडी शिकवली गेली. आपली मॉनिटरची यादी तेच शिकवते. मोठ्यांनी ज्या भाषेला दंड लावला, तिला लहानांनी हसायचे नाही, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

‘व्हर्नॅक’ ज्यातून आला तो ‘व्हर्नाक्युलर’ हा शब्दही जाणून घ्या. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘वेर्ना’ आहे, अर्थ धन्याच्या घरात जन्मलेला गुलाम. दासाचे रूप घेतलेल्या प्रभूची उपासना करणाऱ्यांच्या शाळेत ही शिवी चालते.

पालक म्हणतात, ‘दंड नसेल तर मुले इंग्रजी बोलणार कशी?’ काळजी खरी आहे. इंग्रजी मुलांना आलेच पाहिजे, पुढच्या शिक्षणाची आणि नोकरीची पुष्कळ दारे त्याच भाषेने उघडतात. पण भाषा चुकत चुकत बोलल्यानेच येते, आणि जिथे चुकेला हशा व मातृभाषेला दंड आहे तिथे मूल गप्प बसणे निवडते, कारण गप्प बसायला पैसे पडत नाहीत. मग ते ना इंग्रजी शिकते, ना गणित.

कायद्याचेही बोलू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही. तो निर्णय पुढे टिकेल की बदलेल, ते न्यायालय पाहील. आपल्यापुरता प्रश्न वेगळा आहे. आपली भाषा व संस्कृती जपता यावी म्हणून अल्पसंख्याकांना राज्यघटनेने संरक्षण दिले. त्याच संरक्षणाखाली आपण लेकरांच्या भाषेवर दंड वसूल करायचा काय?

आपला वारसाही उलट साक्ष देतो. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले, मराठी शिकले, आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापले गेले. पंडिता रमाबाईंनी अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत बायबल आणण्यात वेचली, साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. इंग्रजाने ज्या भाषेत प्रभूची कथा गायली, ती बोलल्याबद्दल आज आपल्या शाळेत लेकरू पाच रुपये भरते.

मग करायचे काय? आपल्या धर्मग्रामाला जमेल एवढेच सांगतो. शाळेच्या व्यवस्थापनाकडे दंड आणि नावांची यादी बंद करण्याची लेखी मागणी करा. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात तोंडी उत्तर मराठीत द्यायची मुभा मागा, बाईंनी तेच उत्तर इंग्रजीत म्हणून दाखवावे. आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांनी गणित आणि विज्ञानाचे शब्द दोन्ही भाषांत एका कागदावर लिहून द्यावेत: छेद, अंश, लसावि, क्षेत्रफळ, बाष्पीभवन. रविवारी मिस्सानंतर अर्धा तास त्यासाठी पुरे. याने हसणे एका दिवसात थांबणार नाही, पण हसण्यामागची मोठ्यांची परवानगी काढून घेतली जाईल.

आणि घरी लक्ष ठेवा. मूल म्हणू लागले, ‘आई, पालकसभेला तू नको, बाबांना पाठव’, डब्यातली भाकरी तशीच परत येऊ लागली, मराठी मिस्सात वाचन करणारी मुलगी अचानक ‘घसा बसलाय’ म्हणू लागली, तर तिला दटावू नका. शाळेत काय म्हणतात, ते शांतपणे विचारा.

महायाजकाच्या अंगणात पेत्राला लोकांनी त्याच्या गालीली बोलीवरून ओळखले. भीतीने त्याने शपथ घेऊन आपल्या प्रभूला नाकारले. बोलीवरून पकडले गेलेले लेकरू आधी काय नाकारते? आपल्या आईला. पण त्याच पेत्राने पेन्टेकॉस्टच्या दिवशी तोंड उघडले. त्या दिवशी बोलणारे गालीलीच होते, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले होते, आणि पवित्र आत्म्याने प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या जन्मभाषेत ऐकवले. कोणालाही आधी दुसऱ्याची भाषा शिकून ये, असे सांगितले नाही.

प्रभू, आमच्या शाळांच्या फाटकातला यार्देनेचा पहारा उठव. आमेन.