ईद सरकते, सरासरी चकवते

पुढच्या तिमाहीत जाहिरातीतून किती गिऱ्हाईक येईल, याचा अंदाज बांधण्याची सोपी रीत आता बऱ्याच दुकानदारांना ठाऊक आहे. मागच्या चार तिमाहींच्या चौकश्यांची बेरीज करून चाराने भागायचे. नवी तिमाही आली की सर्वांत जुनी वगळायची. हीच सरकती सरासरी. तिमाह्या चारच घ्यायच्या, कारण त्यात वर्षाचा प्रत्येक हंगाम एकेकदा येतो. दिवाळी मागेपुढे झाली तरी ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीतच राहते, त्यामुळे तिथे ही रीत चालते.

आमच्या कापड, चप्पल, अत्तराच्या धंद्यात मात्र ती जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे, असे आमचे मत आहे. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2024 ची ईद 11 एप्रिलला झाली आणि 2025 ची 31 मार्चला. म्हणजे एप्रिल 2024 ते मार्च 2025 या चार तिमाहींत ईदची गर्दी दोनदा आली! त्यापुढच्या एप्रिल-जून तिमाहीत तर ती नव्हतीच.

समजा, रेडिमेड कपड्यांच्या एका दुकानात जाहिरात पाहून आलेल्या चौकश्या त्या चार तिमाहींत 160, 80, 140 आणि 180 होत्या. सरासरी 140. आदल्या चार तिमाहींची 110 होती. दुकानदार खूश होतो, गेल्या एप्रिल-जूनच्या 160 वर तीच वाढ चढवतो, 200 चा अंदाज धरतो आणि तेवढ्या हिशेबाने जाहिरातीचे पैसे भरून टाकतो.

आता ईदच्या जादा चौकश्या बाजूला काढू. रमजानमधल्या चौकश्यांतून, एरवी तेवढ्या दिवसांत आल्या असत्या तेवढ्या वजा केल्या की जादा उरतात. समजा, एप्रिल 2024 मध्ये त्या 60 आणि मार्च 2025 मध्ये 80 निघाल्या. मग आकडे होतात 100, 80, 140, 100, सरासरी 105. आदल्या वर्षाची याच रीतीने 92 च्या आसपास निघाली, तर खरी वाढ शेकडा चौदा. 100 वर ती चढवली की अंदाज येतो 114 चा. दोनशे कुठे आणि एकशे चौदा कुठे!

यासाठी वहीत प्रत्येक चौकशीपुढे तारीख हवी. नुसत्या महिन्याच्या बेरजेतून रमजान वेगळा काढता येत नाही. ईदचा अंदाजही वेगळा बांधावा, मागच्या रमजानवरून या रमजानचा. बकरी ईद 2024 आणि 2025 दोन्ही वर्षी जूनमध्येच होती, म्हणून इथे तिला हात लावावा लागला नाही. पुढची काही वर्षे रमजान ईद जानेवारी-मार्चमध्येच राहील आणि साधी सरासरीही बरी चालेल. 2033 मध्ये मात्र ती जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, अशी एकाच वर्षात दोनदा येईल.